रोहिणीजवळचा ठिपका

गुंजनच्या आबांना, म्हणजे फकिरा आबांना, आता उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो. साखरेनं डोळे खाल्ले. आयुष्यभर प्लांटच्या भट्टीसमोर उभा राहिलेला माणूस सेक्टर 2 च्या क्वार्टरमध्ये खाटेवर पडून असतो आणि कुणी काही विचारलं की "ठीक हाय" म्हणतो. ठीक कसलं, कपाळ!

शुक्रवारी ट्रंकेत वह्या शोधताना गुंजनला एक कागद सापडला. पेन्सिलीनं काढलेला मोठा गोल, त्यात लहानमोठे ठिपके. मोठा ठिपका म्हणजे ठळक तारा, एवढं नववीतल्या पोरीला कळलं. मधल्या तीन ठिपक्यांना, म्हणजे मृगातल्या तीन ताऱ्यांना, नाव होतं 'तिफण'. एका कडेला 'खाटलं', म्हणजे सप्तर्षी. खाली लिहिलेलं : 16 जानेवारी 2013, C. आणि रोहिणीजवळ एक टपोरा ठिपका, त्यावर फक्त 'मन'.

"आबा, हे 'मन' काय आहे?"

आबांनी कागद नुसता बोटांनी चाचपला. "तुयी आजी. मनकर्णा. त्या दिवशी गेली थे. रात्री छतावर बसलो, अन् रोहिणीपाशी येवढा मोठा तारा, जो मी कधी पायला नव्हता. म्हटलं, हेच थे." मग भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "दुसऱ्या साली पायलं, तिथं नव्हती. तिसऱ्या साली बी नव्हती. मंग मी वरतं पाहणंच सोडलं."

शनिवारी रात्री दहाला गुंजन एकटी छतावर गेली. मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये सगळे तारे होते, पण 'मन' नव्हतं. तिनं कागद कठड्यावर पसरला आणि उत्तरेला तोंड केलं. काहीच जुळेना. कागदावर 'पू', म्हणजे पूर्व, डावीकडे लिहिलेलं, आणि खरी पूर्व तिच्या उजव्या हाताला. तिला वाटलं, आबा चौथी शिकलेले, चुकलेच असतील. त्यात कागदावरची तिफण जवळजवळ डोक्यावर आणि आभाळातली पश्चिमेकडे उतरलेली. वैतागून खाली आली आणि काहीच जुळत नाही म्हणून आबांना सांगितलं.

"भुईवर ठेवून वाचलास का?" आबा पहिल्यांदा हसले. "जमिनीचा नकाशा वरून पायतेत. आभाळाचा खालून. डोक्यावर धर, मंग पू आपोआप पूर्वेला जाते."

दिशा सुटली, वेळ राहिली. C म्हणजे ताऱ्याचं नाव नव्हे, C शिफ्टची वेळ, रात्री दहा. पण ते जानेवारीतले दहा. तारे रोज चार मिनिटं आधी उगवतात, हे तिला पुस्तकातून ठाऊक होतं. सोळा जानेवारी ते सोळा फेब्रुवारी, एकतीस दिवस. एकतीस चोक एकशे चोवीस मिनिटं, दोन तास. म्हणजे तेच आभाळ रविवारी, सोळा तारखेला, रात्री आठच्या सुमारास. बरंच झालं, कारण आबांना जिन्यावरून उचलून नेणारा एकच माणूस, गुंजनचा बाप देवानंद, आणि त्याला सव्वानऊला C शिफ्टला निघायचं होतं.

रविवारी आठच्या आधी देवानंदचा नुकताच डोळा लागला होता. "जान खाऊन राहिली तू," असं पुटपुटत त्यानं बापाला पाठीवर घेतलं, वर नेऊन खुर्चीत बसवलं आणि स्वतः टाकीला टेकून डोळे मिटले.

गुंजननं कागद डोक्यावर धरला. तिफण दक्षिणेला, उंच, अगदी कागदासारखी. तिच्या रेषेत खाली डावीकडे व्याध, वर उजवीकडे तांबूस रोहिणी. ईशान्येला, प्लांटच्या उजेडानं फिकट झालेल्या आभाळात, खाटल्याचे चार पाय. खाटलं चोरणारे तीन चोर, म्हणजे सप्तर्षींचं शेपूट, दिसत नव्हते. ते आबांच्या कागदावरही नव्हते, क्षितिजालगत बुडालेले होते. आबा विसरले नव्हते तर!

मग तिनं रोहिणीच्या वर पाहिलं आणि कागद खाली घेतला.

"आहे का वं थे?" आबांनी विचारलं. आवाज असा, की नाही म्हटलं असतं तर माणूस तिथंच विझला असता.

"आहे आबा. नक्की आहे. दोन-तीन बोटं पूर्वेला सरकलीय." तिनं त्यांचा हात धरून वर नेला आणि बोट तिथं रोखलं. खोटं बोलायचं नाही, म्हणून पुढचंही सांगून टाकलं. "पण हा तारा नाही. लुकलुकत नाही. हा गुरू आहे. दरसाल एक रास पुढे जातो, बारा वर्षांनी परत इथं येतो."

आबांचा हात वरच राहिला.

"म्हणजे गेली नव्हती. पुढच्या घरी होती." "अन् मी एकाच जागी पाहत बसलो. आता आली, तं माये डोळे गेले."

गुंजनला रडू आलं.

देवानंद उठला, घड्याळ पाहिलं, आणि बापाला पुन्हा पाठीवर घेतलं. पहिल्याच पायरीवर आबा त्याच्या कानाशी म्हणाले, "उद्या तुयी कोणती शिफ्ट?"

"C च हाय, बाबा."

"मंग उद्या बी आण मले. आठ वाजता."

देवानंदनं थकून सुस्कारा सोडला, पण नाही म्हणाला नाही.

"आठ नाही, आबा," मागून गुंजन म्हणाली. "उद्या चार मिनिटं आधी."