ठोके मागे पडत होते

दंतवैद्याकडून आले तेव्हा माझा अर्धा जबडा बधिर होता. बाबा माझ्या खोलीत, माझ्या खुर्चीत बसले होते आणि चेहरा असा की जणू मोठं पुण्यकर्म करून ठेवलंय.

"तुझे ठोके मागे पडत होते," ते म्हणाले. "सगळे वेळेत आणले. खरखरही काढली. आता कसं स्वच्छ वाटतंय बघ."

बाबा पस्तीस वर्षं रेडिओवर ध्वनिमुद्रक होते. कुणाचा खोकला कापायचा, कुणाचा श्वास पुसायचा, यातच त्यांची हयात गेली. शेवटच्या वर्षांत संगणकावर काम आलं तेव्हा ते त्यांना मीच शिकवलं होतं. भोगा आता.

मी हेडफोन लावले. ड्रमचा एकेक ठोका रेघेवर मारून मुटकून बसवलेला. किक, स्नेअर, किक, स्नेअर, नुसती कवायत. कीबोर्डवरचे ते संथ, मऊ कॉर्ड धुऊन इस्त्री केल्यासारखे.

"बाबा, ते मुद्दाम मागे होते."

"मुद्दाम कोण चुकतं?"

आता यांना काय सांगायचं? ही लो-फाय बीट होती, अभ्यासाला बसलेल्या पोरांच्या पाठीमागे हळू आवाजात वाजत राहणारी. तिला झोल लागतो. स्नेअर केसभर उशिरा पडावा लागतो, आणि दर वेळी तेवढाच उशिरा नाही. हाय-हॅटची झांज डुलत यावी लागते. ज्या चॅनेलला मी हे पाठवणार होते, त्यांनी माझ्या दोन बीट 'छान, पण निर्जीव' म्हणून परत केल्या होत्या. ही तिसरी आणि शेवटची, आज पाचपर्यंत. जाहिरातींच्या जिंगल करायची नोकरी सोडताना मी घरी एक वर्ष मागून घेतलं होतं, ते याच महिन्यात संपत होतं. हीही नाकारली की परत साबण आणि टूथपेस्टची गाणी. तीन दिवस बोटांनी पॅड बडवून तो झोल सापडला होता.

आणि बाबांनी सगळं त्याच फाइलवर सेव्ह करून प्रोग्रॅम बंद केला होता. वेगळी प्रत मी ठेवली नव्हती. कपाळ माझं. आरडाओरडा करायचीही सोय नव्हती, तोंडातून शब्द नीट फुटत नव्हते.

अडीच वाजले होते. परत वाजवायला बसले, पण डोक्यात राग, त्यामुळे प्रत्येक ठोका पुढे पळतोय. प्रोग्रॅममधला ठोके मागे ढकलणारा 'स्विंग' वाढवून पाहिला, तर सगळे ठोके शिस्तीत, सारखेच उशिरा. चार वेळा पुसलं. रडायचंच बाकी होतं.

तेवढ्यात बाबा पॅसेजमधून चहा घेऊन आले. दीड महिन्यापूर्वी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. लंगडणं लोकांना दिसतं म्हणून घराबाहेर पाऊल टाकत नव्हते. चांगला पाय टप्प. मग चपलेची फरफट. मग दुखरा पाय, जरा उशिरा. टप्प, फरफट, टप.

"बाबा, परत जा."

"आता काय केलं मी?"

"चहा ठेवा आणि पॅसेजमध्ये फेऱ्या मारा. जरा सावकाश."

मी दाराशी माइक लावला. त्यांना कळलं तसे ते जागीच थांबले. "माझ्या लंगडण्याचं गाणं करतेस?"

"माझं तुम्ही जे केलंत, त्यापुढे हे काहीच नाही."

ते चालायला लागले. वीस फेऱ्या. त्यांच्या पायांकडे बघत मी पॅड वाजवलं: चांगल्या पायावर किक, दुखऱ्यावर स्नेअर, फरफटीवर हॅट. चपलेचा आवाज तिखट टोक कापून ड्रमखाली पसरला, बाबांनी काढलेल्या खरखरीच्या जागी. धुतलेले कॉर्ड बाबांच्या जुन्या कॅसेट रेकॉर्डरवर भरून परत घेतले. त्याची मोटर हेलकावे खाते, सूर किंचित डगमगतात. पाचला सात मिनिटं असताना पाठवलं.

बीट चॅनेलने घेतली. 'ड्रम फार जिवंत आहेत,' असं लिहिलं. बाबांनी ते वाक्य माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी, कुणी न सांगता, कोपऱ्यापर्यंत चालून आले. मग रोजच जायला लागले.

परवा चॅनेलवाल्यांचा पुन्हा निरोप आला: अगदी तसलीच आणखी एक हवी. मी पॅसेजमध्ये माइक लावला. बाबा आले ते ताडताड सरळ चालत, दोन्ही पाय रेघेवर.

"अहो, असं काय चालताय?"

"बरा झालो ना," ते म्हणाले. माझा पडलेला चेहरा पाहून त्यांनी लंगडून दाखवलं. दर पावलाला, शिस्तीत, सारखंच उशिरा.

"राहू द्या बाबा," मी म्हटलं आणि माइक काढून ठेवला. "जा, फिरून या."