पेन्सिल थांबली ते पान

कर्जतच्या बाजारात माझं झेरॉक्स-लॅमिनेशनचं दुकान आणि रूपेशचं पुस्तकांचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत आहे, आणि ती भिंतसुद्धा रूपेशपेक्षा जास्त बोलते. गिऱ्हाईक आलं की हा खाली बघतो, कानाची पाळी चोळतो आणि गल्ल्यावरून एक चिठ्ठी पुढे सरकवतो. पहिल्यांदा येणाऱ्याला वाटतं, काहीतरी सरकारी फॉर्म असावा.

चिठ्ठीवर तीन प्रश्न असतात. शेवटचं कुठलं पुस्तक तुमच्याच्यानं खाली ठेववलं नाही? कुठलं अर्धवट सोडलंत आणि साधारण कितव्या पानावर? पुस्तकातली माणसं कशी आवडतात: मायाळू, हुशार की तापट? रूपेशच्या मते दुसरं उत्तर सगळ्यात खरं. आवडतं काय हे सांगताना माणूस थोडी फुशारकी मारतो, कंटाळा कशाचा आला हे सांगताना खोटं बोलत नाही. गेली सहा वर्षं मी बघते आहे, या तीन उत्तरांवरून तो जे पुस्तक काढतो ते दहातल्या आठांना लागू पडतं. मी त्याची कितीही थट्टा केली तरी या एका गोष्टीत त्याला हात जोडते.

पदूकाका मात्र उरलेल्या दोघांतले. दहिवलीला राहायचे. जन्मभर त्यांनी बँकर इंजिन चालवलं, म्हणजे कर्जतला गाडीच्या मागे लागतं आणि तिला घाट चढवून लोणावळ्यापर्यंत ढकलत नेतं ते इंजिन. मूलबाळ नाही. दोन वर्षांपूर्वी मैनाकाकू गेल्या आणि काकांनी एकेक दार बंद करत आणलं. भजन सोडलं, पारावरचं बसणं सोडलं, पुतण्याच्या हळदीलाही गेले नाहीत. मंगळवारी रूपेशचं दुकान, एवढा एकच उंबरा ते ओलांडायचे. रूपेशने दिलेल्या दोन कादंबऱ्या त्यांनी विसाव्या-तिसाव्या पानावरून परत आणल्या होत्या. चिठ्ठीवर काही लिहायचेच नाहीत. "मला काय म्हाईत," म्हणायचे.

तिसऱ्या मंगळवारी रूपेश खालापूरच्या शाळेत पुस्तकं पोचवायला गेला होता आणि दुकान माझ्यावर सोपवलेलं. काका आले. मी म्हटलं, त्यात काय एवढं! रेल्वेवाल्याला रेल्वेची कादंबरी. एक जाडजूड होती, घाटातल्या एका गार्डवर. ती दिली आणि मी स्वतःवरच खूश होऊन बसले. आमच्याकडे ही खोडच आहे. शेतकरी दिसला की भाताच्या बियाण्याचं बोलायचं, मास्तर दिसला की शाळेचं. माणसाला त्याच्या कामाखेरीज काही असतं हे आमच्या लक्षातच येत नाही.

पुढच्या मंगळवारी काकांनी ती कादंबरी गल्ल्यावर आपटली.

"कसली दिली रं ही? लिव्हनाऱ्याला इंजिन पुढं लागतंय का मागं, येवढं बी ठावं नाय! आता हे शेवटचं. मी काय परत येत नाय."

माझा चेहरा पडला.  रूपेशने पुस्तक उघडलं, तर समासभर पेन्सिलच्या खुणा. 'चूक.' 'इथे ब्रेकची चाचणी होते.' 'घाटात असा वेग नसतो.' रूपेश एकेक पान उलटत गेला. मग काकांना कसंबसं म्हणाला, "काका, शुक्रवारी... एकदा याल का? फक्त एकदा."

काकांनी पाठ फिरवली. निघून गेले.

"माझ्यामुळं गेलं सगळं," मी म्हटलं. "आता हा माणूस घरात कोंडून घेणार."

"तुझ्यामुळं सापडलं," रूपेश म्हणाला. माझ्याशी तो भिंतीपलीकडची म्हणून थोडंफार बोलतो. "चिठ्ठीवर लिहीत नव्हते ते इथं लिहिलंय बघ. पुस्तक पूर्ण वाचलंय त्यांनी. चिडून का होईना, तीनशे पानं."

मग त्याने मला चार पानं दाखवली. त्या पानांवर पेन्सिल नव्हती. चारही पानांत गार्डची बायको होती. डबा बांधताना नवऱ्याला फैलावर घेणारी, लाल झेंडीसकट त्याची अक्कल काढणारी. इंजिनाच्या प्रत्येक ओळीवर खूण करणारा माणूस तिथे गप्प बसला होता आणि एका पानाचा कोपरा दुमडून परत नीट सरळ केलेला होता.

"रेल्वे नकोय त्यांना," रूपेश म्हणाला. "आणि मी तर शांत, दुःखाची पुस्तकं देत होतो. बाई गेलेल्या माणसाला बाई गेलेल्याची गोष्ट. तुझ्यापेक्षा मी जास्त चुकलो."

पुढचे दोन दिवस त्याने काय केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं. सहा कादंबऱ्या काढल्या. ज्यात बायको सोशिक होती ती बाजूला. ज्यात भांडणानंतर घटस्फोट होता ती बाजूला. एक चांगली होती, पण तिचा शेवट पुन्हा वाचून त्याने मान हलवली. बायको आजारी पडत होती. उरली मिठागराकाठच्या एका जोडप्याची. पानोपानी भांडण, बोलणंच बोलणं, लांबलचक वर्णनं नाहीत, प्रकरणं आखूड, आणि शेवटच्या ओळीपर्यंत बाई ठणठणीत. तिच्या दोन प्रती होत्या. नवी गुळगुळीत प्रत ठेवून त्याने जुनी निवडली, कारण तिचा टाइप मोठा होता आणि काका चष्मा कपाळावर चढवून वाचतात.

शुक्रवारी काका आले. दारातच उभे राहिले. रूपेशने गोष्ट सांगितली नाही, स्तुती केली नाही. स्टूल पुढे केलं, दुसरं प्रकरण उघडून हातात दिलं आणि म्हणाला, "पहिलं प्रकरण नंतर वाचा, ते जरा हळू आहे. इथून दोन पानं. नाही जमलं तर ठेवून जा." मग गिऱ्हाइकाकडे पाठ करून उगाचच फळ्या पुसत राहिला. वाचणाऱ्याच्या तोंडाकडे बघू नये, हा त्याचा नियम आहे. तिरक्या नजरेनं पाय बघायचे. काकांची टाच सुरुवातीला जमिनीवर हलत होती. तिसऱ्या पानावर हलायची थांबली. सातव्या पानावर ते उठले, पुस्तक काखेत मारलं आणि पैसे देऊन गेले.

मंगळवारी आले नाहीत.  रूपेश दिवसभर दाराकडे बघत होता.

बुधवारी दुकान उघडायच्या आधीच काका पायरीवर बसलेले. शटर वर गेलं आणि ते सुरू झाले.

"काय बाय हाय रं ती! नवऱ्यानं माफी मागितली तरी ऐकत नाय. चूक तिची हाय!"

रूपेशने कानाची पाळी चोळली. मग, मी देवाशप्पथ सांगते, तो म्हणाला, "नाही काका. चूक त्याची आहे."

"त्याची? काय म्हनून त्याची?"

"मिठाचा सौदा तिला न विचारता केला त्यानं."

"घरचा कर्ता हाय तो!"

"राबते कोण? तीच ना?"

जुंपली. मी झेरॉक्स मशीन बंद करून दारात आले. गेल्या सहा वर्षांत मिळून रूपेशने जेवढी वाक्यं उच्चारली नसतील तेवढी त्या अर्ध्या तासात बोलला. मी मागवलेला चहा गल्ल्यावर तसाच पडून राहिला.

मधेच काका थांबले. पुस्तक मिटलं.

"मैना अशीच हुती," ते म्हणाले. "समदी मला सांभाळून बोलतात रं. काका बसा, काका जेवा. दोन वर्सांत मला कोनी वरडलं नाय."

मला रडू आलं.  

रूपेश लाल झाला.  मग सगळ्या बाजाराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडला, "चहा कधीचा निवतोय! दिसत नाही का? आधी तो प्या, मग भांडा!"

काकांनी मुकाट्यानं कप उचलला.