कोपऱ्यातले पाच फूट

निघोज्यातल्या त्या दुमजली घराची मागची भिंत पस्तीस फूट लांब आणि तेवीस फूट उंच होती. भोसरीतली नोकरी सुटल्यावर धम्मरत्नने अंगावर घेतलेलं हे पहिलंच प्लास्टरचं काम. वर उभं राहायला बांबूंची परांची बांधायची, तिला दर पाच फुटांवर उभ्या बांबूंची जोडी, एक भिंतीजवळ, एक बाहेर. पस्तीस भागिले पाच म्हणजे सात जोड्या, चौदा बांबू. त्याने तेवढेच मागवले होते.

आणि परांची कोपऱ्याच्या पाच फूट अलीकडेच संपली. पुढे आडव्या बांबूंची टोकं अधांतरी लोंबत होती.

"कमी आले का ओ?" धम्मरत्नने विचारलं.

"न्हाई. चौदा हायती," परांची बांधणारे अर्जुनराव वरून म्हणाले.

त्याने स्वतः मोजले. चौदाच. मग उंचीचा हिशोब चुकला असेल. वीस फुटी बांबूला जोड देताना तीन फूट एकमेकांवर चढवावे लागतात, खाली दीड फूट मातीत जातो. म्हणून आठ-आठ फुटांचे तुकडे वेगळे आणले होते. तेही पुरले होते. त्याने टेप लावली. पस्तीस फूट. भागाकार पुन्हा केला. सात.

"फळी पुढं काढू की," अर्जुनराव म्हणाले. "कोपरा हुतोय."

"पाच फूट? टोकावर माणूस उभा राहिला तर फळी उलटेल."

त्या टोकाला माल पोचवणार होती त्याची बायको, आम्रपाली. ती खाली वाळू चाळत होती. ती उठून थेट कोपऱ्यात जाऊन उभी राहिली.

"वर गेल्यावर इथं मी काय धरू?"

धम्मरत्न पहिल्या बांबूपाशी गेला. इथे शून्य. मग पाच, दहा, पंधरा, वीस, पंचवीस, तीस. तिसाला सातवा बांबू. पस्तिसाला आम्रपाली.

"शून्यालाही बांबू आहे," तो पुटपुटला. "मी जोड्यांमधले गाळे मोजले. सात गाळ्यांना आठ जोड्या लागतात."

"मग भागाकार खोटा?" अर्जुनरावांनी विचारलं.

"खोटा नाही... तो गाळ्यांचा होता." बोलताना त्यालाच ते नीट पटत नव्हतं.

शेअर रिक्षात बांबू मावणार नव्हते, म्हणून टेम्पो करून त्याने दोन लांब बांबू आणि जोडाचे दोन तुकडे आणले. जोडीतले दोन बांबू जोडून फळी पेलणाऱ्या आडव्या टेकूंसाठी चार आखूड तुकडे आणि काथ्याही. लोंबणारे आडवे बांबू चार थरांवर दोन्ही नव्या बांबूंना बांधायला आठ गाठी, टेकूंच्या टोकांना आठ, शिवाय जोडांच्या. अर्जुनरावांनी प्रत्येक गाठ पायाने दाबून आवळली.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावर माल चढू लागला. आम्रपाली घमेलं देताना एका हाताने बांबू धरून होती.

"आता बाजूची भिंत," अर्जुनराव म्हणाले. "वीस फूट. किती जोड्या?"

धम्मरत्नने तोंड उघडलं, चार म्हणता म्हणता थांबला, आणि बोटांवर शून्यापासून मोजू लागला.