झाकणावरची खूण

चूक शोधायची तर ती शिंपीकाकांच्या स्वच्छतेतच सापडते. घाणेरड्या माणसाच्या हातून असली चूक व्हायचीच नाही.

घरोघरी डबे वाटले, तेव्हा प्रत्येक घराच्या ओल्या कचऱ्याच्या डब्यावर क्यूआर कोडची चिकटपट्टी लावायची होती. डब्याचं अंग खडबडीत, तिथे पट्टी टिकेना. वाटणाऱ्यांनी डोकं चालवलं आणि ती झाकणावर लावली. झाकण छान गुळगुळीत होतं. ते निघतंही, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. आलं असेल तर त्यानं घरी जायची घाई केली असेल.

शिंपीकाका एक्केचाळीस नंबरला, विमावाला बेचाळीसला. दोघांचं फाटक एकच, डबेही शेजारीशेजारी. काकांच्या कचऱ्याची शिस्त शिवणकामासारखी: ओलं हिरव्या डब्यात, सुकं निळ्यात, आणि काकूंचे डायपर वेगळे, वर्तमानपत्रात गुंडाळून, वर लाल फुली मारून. काकू दोन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या. दिवसाला चार पुडकी. विमावाल्याच्या हिरव्या डब्यात मात्र सगळे धर्म एकत्र नांदत: भाताबरोबर बॅटरी, सालींबरोबर बाटली.

रविवारी काकांनी आपलं झाकण धुतलं. शेजारचंही बरबटलेलं दिसलं, म्हणून तेही धुतलं. दोन्ही भिंतीवर वाळत घातली आणि संध्याकाळी दोन्ही डब्यांवर एकेक बसवलं. दोन्ही हिरवी, दोन्ही सारखी. कोड वाचायला डोळे नव्हे, फोन लागतो, आणि काकांचा फोन बटणांचा.

सोमवारी या गल्लीच्या कचरागाडीवर नवीन गाडीवाली आली. जुनी रजेवर गेलेली; ती कुणाच्या डब्यात डोकावून बघत नसे. दोनशे घरं, हातात फोन, पाठीमागे ड्रायव्हरचा हॉर्न. झाकणावर फोन धरायचा, कोड वाचला की घराचा नंबर बारीक अक्षरात उमटतो आणि खाली तीन बटणं: हिरवं, लाल, डबा नव्हता. लाल दाबलं तर फोटो काढावाच लागतो, आणि त्यात कचरा आणि कोड दोन्ही दिसले पाहिजेत, नाहीतर अॅप पुढे सरकत नाही. एका कोडला दिवसात एकच नोंद. ओळीनं तीन लाल झाले की त्या घराचा कचरा उचलणं बंद.

संदेश जातो तो नोंदवलेल्या नंबरावर. काकांनी मुलीचा दिला होता. ती दूरच्या शहरात.

सोमवारी तिचा फोन आला. "बाबा, तुमच्या घराला लाल आलंय. मिश्र कचरा."

"माझ्या? शक्यच नाही."

"फोटो आहे बाबा. भातात बॅटरी दिसतेय."

"आपल्याकडे टाकायला बॅटरी आहेच कुठे? घड्याळसुद्धा चावीचं."

"बाबा, वय झालं की होतं असं. चिडू नका."

मंगळवारी पुन्हा तेच. यावेळी ती हळू आवाजात बोलली, आणि काकांना ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं. त्यांनी रात्री डबा दोनदा उपसून पाहिला. आपण झोपेत काही टाकतो की काय, अशी शंका स्वतःवरच घेतली.

बुधवारी सकाळी ते फाटकाशी उभे राहिले. "माझ्यादेखत उघडा," म्हणाले.

गाडीवालीनं आधी शेजारच्या डब्याचं झाकण स्कॅन केलं. आत तारांचा गुंता, उष्टं आणि औषधांची पाकिटं. सवयीनं लाल दाबलं, फोटो काढला, नोंद गेली. मग काकांचा डबा. आत नुसत्या साली. "किती नीटनेटकं हो काका," म्हणत तिनं हिरवं दाबलं. आज घाई नव्हती, ड्रायव्हर चहा प्यायला गेला होता. म्हणून पडद्यावरचा नंबर तिनं वाचला.

"बेचाळीस?" ती म्हणाली. "तुम्ही बेचाळीस का?"

"एक्केचाळीस."

दोघांनी झाकणांकडे पाहिलं. मग काका भिंतीकडे पाहू लागले, जिथे ती वाळत घातली होती.

"मीच धुतली," ते म्हणाले. "त्याचंही."

"मेलं, तुम्हाला कुणी सांगितलं होतं शेजाऱ्याचं पाप धुवायला?" म्हणत तिनं झाकणं अदलाबदल केली. पण नोंद निघेना. एक्केचाळीसवर तिसरं लाल बसलं होतं, पडद्यावर पट्टी आली होती: संकलन थांबवले.

मुकादम दुपारी आला. मनानं वाईट माणूस नाही, त्यानं सगळं ऐकूनही घेतलं.

"तुम्ही खरं बोलताय, मला पटतंय," तो म्हणाला. "पण फोटोत तुमचाच कोड आहे ना काका. खोडायला मी वर पाठवलं तर वरचा साहेब फोटोच बघणार."

"मग उठवायचं कसं?"

"ओळीनं तीन हिरवी झाली की आपोआप उठतं."

"मग द्या तीन हिरवी. डबा समोर आहे."

मुकादमानं स्कॅन केलं. थांबवलेल्या घराला बटणंच येत नव्हती. त्यानं पुन्हा केलं, फोन बंद करून चालू केला, पुन्हा केलं. "हे बनवणाऱ्यानं विचारात घेतलं नाही," तो म्हणाला. "कळवतो." कळवलंही त्यानं. तक्रारीचा क्रमांक काकांनी खडूनं शिवणयंत्रावर लिहून ठेवला.

रस्त्यावरच्या कचराकुंड्या घरोघरी गाडी सुरू झाल्यावर काढून टाकलेल्या. ओलं काकांनी फुलझाडाच्या कुंडीतल्या मातीत जिरवलं, सुकं पोत्यात भरून गॅलरीत ठेवलं. पण डायपर मातीत जिरत नाहीत. दुसऱ्या दिवशी काकूंनी खोलीतून विचारलं, "कसला वास येतोय?"

"गटाराचा," काका म्हणाले. बायकोशी खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, म्हणून लागलीच खिडकी लावायला उठले.

इकडे विमावाल्याला आयुष्यातलं पहिलं लाल गुरुवारी आलं, तेही थेट त्याच्याच फोनवर. गडी एका रात्रीत सुधारला. शुक्रवारी काका त्याच्या दारात पुडकी घेऊन उभे राहिले.

"तुझ्या डब्याशेजारी ठेवू का रे? थोडेच दिवस."

विमावाला खरोखरच ओशाळला. "काका, सगळं माझ्यामुळेच झालंय, मान्य. पण माझ्या घरात डायपर वापरणारं कोण आहे? संशय आला तर? आत्ता कुठे हिरवं झालंय हो." मग म्हणाला, "काकूंसाठी दुसरी काहीही मदत सांगा." आणि काकूंसाठी चार संत्री दिली.

सालीही काकांच्याच कुंडीत गेल्या.

शनिवारी गाडीवाली दुपारी, काम संपल्यावर, सायकलवरून परत आली. "द्या इकडे ती पुडकी."

"तुमची नोकरी जाईल बाई."

"गाडीत टाकत नाहीये. आमच्या वस्तीत टाकते. तिथे डबेच वाटले नाहीत, कोड कुठला? घरांमागे ढीग आहे, त्यात सगळं खपतं."

काकांनी पिशवी घट्ट धरून ठेवली. "तुमच्या दारात टाकायची? आमची घाण?"

"रोज तुमच्या गल्लीची उचलतेच की. एक पिशवी जास्त."

त्यांनी दिली. देताना गाठ एकदा सोडून पुन्हा नीट बांधली, आणि वरची लाल फुली पुसट वाटली म्हणून खडूनं परत मारली. ढिगावर ती कुणी वाचणार नव्हतं.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. आवाज खुलला होता.

"बाबा, तीन दिवस झाले, एकही लाल नाही. बघा, मनावर घेतलं की जमतं."

थांबवलेल्या घराला लालही येत नाही, हे तिला सांगावं असं काकांच्या मनात आलं. पण आत काकूंनी हाक मारली होती, बदलायची वेळ झाली होती.

"हो," ते म्हणाले, "जमतंय आता," आणि नवीन वर्तमानपत्र शोधू लागले.