लॅमिनेशन केलेला पासवर्ड

सकाळी सात शेहेचाळीसला सुमंत पाठकच्या फोनवर वंदना उईनकरचं नाव आलं. वंदना दुर्गजवळच्या रसमड्याच्या एका फॅब्रिकेशन कारखान्यात गेट-पास काढते. तिथे येणाऱ्या प्रत्येक कंत्राटी कामगाराचं नाव, फोटो आणि आधार नंबर ती सुमंतने लिहिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये भरते. दुर्ग-भिलाईचे बारा कारखाने ते वापरतात.

"सुमंतभाऊ, एक गोष्ट सांगतो, पण रागवू नका."

"काय झालं, वंदनाताई?"

"माझं खातं लॉक झालं. पाच डाव चुकलं ना पासवर्ड. गेटवर अडतीस माणसं उभी, सुपरवायझर डोकं खाऊन राहिला. मग भिंतीवर तुमचा कागद आहे ना, तो टाकून पाह्यला."

"कोणता कागद?"

"ट्रेनिंगचा. लॅमिनेशन केलेला. युजर 'testadmin', पासवर्ड 'Welcome@123'. उघडलं की! पण आमची माणसं कमी अन् दुसऱ्यांचीच जास्त दिसून राहिली. बाजूच्या रोलिंग मिलवाल्यांचे आधार नंबरसुद्धा. मी घाबरून टॅब तसाच ठेवला अन् तुम्हाले फोन लावला."

सुमंतने चहाचा कप खाली ठेवला. त्या पासवर्डची दोन्ही टोकं त्यानेच बांधली होती. चार वर्षांपूर्वी कंपनीत तो एकटाच डेव्हलपर होता. चाचणीसाठी रोज नवा डेटाबेस उभा करावा लागे, म्हणून त्याने एक छोटी स्क्रिप्ट लिहिली: सर्व्हर सुरू झाला की testadmin नावाचं खातं आहे का बघ, नसेल तर बनव. ही स्क्रिप्ट फक्त चाचणीच्या सर्व्हरवर चालायला हवी होती. तशी अट टाकायची राहिली आणि ती खऱ्या सर्व्हरवरही गेली. ट्रेनिंगसाठी चाचणीचाच सर्व्हर वापरला जाई, त्यामुळे तेच नाव आणि तोच पासवर्ड कागदावर छापला गेला. कागद फाटतात म्हणून ट्रेनिंगवाल्याने भिलाईच्या सिविक सेंटर बाजारातून बारा प्रती लॅमिनेट करून आणल्या आणि प्रत्येक कारखान्यात कॉम्प्युटरशेजारी चिकटवल्या.

कारखान्याच्या युजर-यादीत ते खातं कधी दिसलं नाही, कारण यादीत फक्त त्या कंपनीचे लोक येतात आणि testadminला कंपनीच नव्हती. सर्व्हरचा नियम असा होता: युजरला कंपनी असेल तर तिचीच माहिती दाखव. कंपनीची जागा रिकामी असली तर काय, हे नियमात नव्हतं. म्हणून काहीच गाळलं जात नव्हतं आणि बाराही कारखाने उघडे पडले होते.

सुमंत नऊला ऑफिसात पोचला आणि नऊ दहाला त्याने डेटाबेसमधून खातं पुसलं. मग वंदनाला फोन लावला. "ताई, तो टॅब रिफ्रेश करून बघा बरं. आता बाहेर फेकला पाहिजे."

"केला. सारं दिसूनच राहिलं, भाऊ."

त्याला उत्तर लगेच सुचलं आणि म्हणून जास्त चीड आली. लॉगिन झालं की सर्व्हर ब्राउझरला बारा तासांचा परवाना देतो. पुढे प्रत्येक वेळी त्या परवान्यावरची सही खरी आहे का एवढंच तपासलं जातं, खातं शिल्लक आहे का हे नाही. हीसुद्धा त्याचीच बचत: डेटाबेसवर ताण नको. त्याने ती तपासणी घातली, नवा कोड चढवला, सर्व्हर पुन्हा सुरू केला. दहा पाच झाले होते.

"आता बघा."

"हो, आता फेकला बाहेर. कागदावरचा पुन्हा टाकून पाहू?"

"टाका. उघडणार नाही."

कीबोर्डचा आवाज आला. "उघडलं."

"कसं उघडलं?"

"मले काऊन विचारता? मी तर गेट-पासवाली."

सर्व्हर सुरू झाला, स्क्रिप्टने पाहिलं, testadmin नाही. तिने इमानदारीने तो परत बनवला, तोच पासवर्ड घालून. सुमंतने आधी स्क्रिप्ट काढली, मग खातं पुसलं, मग पुन्हा सर्व्हर सुरू केला. या वेळी वंदनाच्या पडद्यावर 'युजर सापडला नाही' आलं. पावणेअकरा वाजले.

साडेअकराला विक्कीने त्याला केबिनमध्ये बोलावलं. ही सॉफ्टवेअर कंपनी विक्कीची. त्याच्यासमोर लॉगचा प्रिंट होता.

"देख, तीन बार घुसी है ये. सात बयालीस, नौ बारह, दस सात. एक बार गलती होती है, तीन बार नहीं. मैंने ओमप्रकाशजी को बता दिया." ओमप्रकाश म्हणजे वंदनाच्या कारखान्याचे मालक.

"काय सांगितलं?"

"यही, कि आपकी लड़की ने घुसपैठ की. पार्टी समझदार है. बोले, कल से नहीं आएगी."

"नऊ बारा आणि दहा सात मी सांगितलं म्हणून तिने केलं. फोनवर."

"लिखा हुआ है कहीं?"

नव्हतं. लॉगमध्ये वेळ, आयपी पत्ता आणि उघडलेलं पान नोंदलं जातं. कोणी कोणाला फोन करून सांगितलं, हे नोंदलं जात नाही.

"सुन यार," विक्की आवाज खाली आणून म्हणाला, "बारह पार्टियाँ हैं. हमारा ताला खराब था बोलूँ, या चोर पकड़ा बोलूँ? तू ही बता."

सुमंत जागेवर गेला. वंदनाचा नंबर लावला. तिने उचलला.

"मालकानं बोलावलं होतं," ती म्हणाली. "म्हणते, तू हॅकर झाली का? म्या म्हटलं, कागद तर तुमच्याच भिंतीवर आहे, साहेब. ऐकूनच नाही राहिले. उद्यापासून येऊ नको म्हणते. भाऊ, मी सांगितलंच नसतं तर?"

त्याने तिच्याकडून फक्त भिंतीवरच्या कागदाचा फोटो मागवला आणि लिहायला बसला.

अहवाल दोन पानांचा झाला. स्क्रिप्ट कोणत्या तारखेला चढली आणि ती कोणी लिहिली: सुमंत पाठक. पासवर्ड कोणी छापला: आम्ही. मग वेळा. सात बेचाळीसला लॉगिन, कामगारांच्या यादीचं एक पान, डाउनलोड शून्य. सात शेहेचाळीसला ग्राहकाने स्वतः फोन करून कळवलं. नऊ बारा आणि दहा सातच्या नोंदी माझ्या विनंतीवरून केलेल्या तपासणीच्या. सोबत भिंतीवरच्या कागदाचा आणि माझ्या फोनच्या कॉल-यादीचा फोटो. त्या कॉल-यादीत बोलणं नव्हतं, पण वेळा मिनिटाला मिनिट जुळत होत्या.

शेवटचा परिच्छेद लिहायला सर्वांत जास्त वेळ लागला. लॉग नव्वद दिवसांचेच राहतात. नव्वद दिवसांत या खात्यावर दुसऱ्या कोणत्याही कारखान्यातून लॉगिन नाही. त्याआधीच्या पावणेचार वर्षांबद्दल आम्ही काही सांगू शकत नाही.

विक्कीने पाठीमागे उभं राहून वाचलं. "ये आखरी वाला निकाल. बाकी भी मत भेज. पहले बैठके बात करते हैं."

"बसून तिची नोकरी परत येणार आहे का?"

"और तेरी?"

सुमंतने बाराही मालकांचे पत्ते टाकले, ओमप्रकाशजींचा सर्वांत वर, आणि पाठवलं. विक्की केबिनमध्ये गेला. दार लागल्याचा आवाज आला. संध्याकाळपर्यंत तीन कारखान्यांचे फोन आले, तिन्ही शिव्यांचे. ओमप्रकाशजींचा आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात चाळीसला फोन वाजला.

"सुमंतभाऊ!" मागे गेटवरचा गोंधळ ऐकू येत होता. "मालकानं काल संध्याकाळी कागद स्वतः उपटला भिंतीवरून. मले म्हणते, सकाळी ये."

"बरं झालं, ताई."

"काय बरं झालं? माझं खातं अजून लॉकच हाय! काल सारा दिवस तुम्ही त्या टेस्टवाल्याच्याच मागे. एक्केचाळीस माणसं उभी हाएत इथं."