हातचा एक

दवाखान्याची लिफ्ट स्ट्रेचरसकट वीतभर घसरली. कुणाला लागलं नाही, पण चौकशी बसली आणि बोटं काकांकडे वळली. काका म्हणजे आमचे लिफ्ट मेकॅनिक. निवृत्तीला तीन महिने.

ब्रेकचे पॅड बदलल्यापासून तीस हजार फेऱ्या झाल्या की पॅनेलवर लाल दिवा लागतो. नवे पॅड बसवून रीसेटचं बटण दाबलं की मोजणी शून्यावर येते, दिवा विझतो. काकांनी वहीत लिहिलं होतं, 'दिवा लागला, पॅड पाठवा.' बाराव्या दिवशी आमच्या कंपनीचे साहेब बघायला गेले, तर दिवा बंद! त्यांनी पॅडची मागणी रद्द केली. दोन दिवसांनी लिफ्ट घसरली. आता साहेबांचं म्हणणं, काकांनीच पॅड न बदलता रीसेट दाबलं.

फेऱ्या मोजणारा लिफ्टचा कंट्रोलर माझ्या टेबलावर आला, कारण त्यातला प्रोग्रॅम नऊ वर्षांपूर्वी मीच लिहिला होता. साहेब मागे हाताची घडी घालून उभे. काका दाराशी.

रीसेट दाबलं असतं, तर मोजणी शून्य ते चार हजारांच्या मध्ये कुठेतरी असती. स्क्रीनवर आलं, उणे ३२,०१८.

"उणे फेऱ्या? लिफ्ट काय उलटी चालली?" साहेब म्हणाले.

मी कागद ओढला आणि सोळा घरं आखली.

"मोजणीला जागा एवढीच. प्रत्येक घरात शून्य किंवा एक. डावीकडचं शेवटचं घर उणेचं, त्याची किंमतच उणे ३२,७६८. बाकीची पंधरा घरं एकने भरली की होतात ३२,७६७. त्यात एक मिळवा."

साहेबांनी पेन घेतलं. एक अधिक एक, शून्य, हातचा एक. पुन्हा शून्य, हातचा एक. पंधराही घरं रिकामी झाली आणि हातचा उणेच्या घरात जाऊन बसला.

"उणे ३२,७६८," ते पुटपुटले.

"आणि ते तीस हजारांहून कमी. म्हणून दिवा विझला. रोजच्या अडीचशे फेऱ्या धरल्या, तर दिवा लागल्यापासून अकरा दिवसांत."

"मोठी जागा का नाही ठेवलीस?"

"वाटलं, तीस हजारांना पॅड बदलणारच. त्यापुढे कोण जातंय! मेमरीचे दोन बाइट वाचवले." तेव्हा त्या काटकसरीबद्दल मी शाबासकीही घेतली होती. आता सांगताना लाजेने कान तापले.

साहेब फोन करायला बाहेर गेले. मी काकांकडे वळले. ते चिडतील, चार शब्द सुनावतील, अशी माझी तयारी होती, खरं तर इच्छाच.

त्यांनी फक्त विचारलं, "म्हणजे दिवा लागला होता ना, पोरी?"

"लागला होता, काका. चूक माझी."

ते खुर्चीत बसले. उजवा हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत राहिले.

"सगळे एवढं ठासून सांगत होते," ते म्हणाले, "मलाच वाटायला लागलं होतं, दाबलं असेल मी बटण."