अग्निशिखेचा कंद

धाकट्या मुलाला तिसरी मुलगी झाली, त्याच वर्षी म्हाताऱ्याने रोपवाटिका त्याच्या हाती सोपवली आणि स्वतः घरामागच्या वाफ्यांपुरता माळी उरला. त्या घरात नातीचं जे नाव, ते झाड वाफ्यात लावायची रीत होती. थोरली जाई, मधली जुई. दोघींना म्हातारा सांगे, "फुलं दोन्ही पांढरी, फसाल. पान बघा. जाईच्या एका देठाला सात-नऊ पानं आणि कळी बाहेरून गुलाबी. जुईचं पान एकटं, बुडाशी कानांसारखी दोन चिमुकली."

तिसरीचं नाव सुनेने पुस्तकातून काढलं. "अग्निशिखा! कसं वाटतं, मामंजी?"

अग्निशिखा म्हणजे कळलावी, हे म्हाताऱ्याला पुरतं ठाऊक होतं. पानाचं टोक तंतूसारखं वळून आधार धरतं, पिवळ्या-लाल पाकळ्या ज्वाळेसारख्या वर उलटतात, आणि जमिनीतला कंद जहर. पण सुनेचा चेहरा असा फुललेला.

"झकास," तो म्हणाला.

"दादा, चौथी झाली तर कोबी ठेवा!" म्हाताऱ्याचा धाकटा भाऊ खिदळला. ट्रक चालवून निवृत्त झालेला हा गडी थोरल्या भावाकडेच राहत होता.

म्हाताऱ्याने कंद लावला, पाटीवर फक्त नाव लिहिलं. विष हा शब्द नातीच्या नावाखाली लिहायला हात धजावला नाही. कुंपण घालीन, उद्या सांगीन, असं म्हणता म्हणता दोन वर्षं गेली.

थंडीत वेल वाळून गेली, पाटीही कलंडली. शेजारच्या वाफ्यात रताळी होती. एके सकाळी सगळे धाकट्या नातीला लस टोचून आणायला गेले होते. परत आले तर भाऊ मोरीत ओकत होता.

"काय खाल्लंस रे?"

"वाफ्यातली रताळी खणून उकडली, दादा. एक मेलं कडू निघालं, पण टाकवलं नाही."

म्हातारा स्वयंपाकघरात धावला. सालींत एक न शिजवलेला तुकडा पडला होता. रताळं मधे फुगीर, टोकांना निमुळतं. हा सरळ काठीसारखा, आणि मधूनच नांगरासारखा काटकोनात वळलेला. म्हाताऱ्याने तो उचलून उजेडात धरला.

"मामंजी, काय आहे ते?"

"कळलावी. तुझ्या लेकीच्या नावाची वेल. मला माहीत होतं गं."

सुनेने तुकडा त्याच्या हातातून घेतला. "पहिल्या दिवसापासून?"

त्याने होकारार्थी मान हलवली.

दवाखान्यात डॉक्टरांनी तुकडा पाहिला. "शिजवून हे विष जात नाही. खास उतारा नाही, आम्ही झटतो." दुसऱ्या दिवशी भावाला बरं वाटलं, परिचारिकेची थट्टाही केली. तिसऱ्या दिवशी मूत्रपिंडं बंद पडली.

चौथ्या दिवशी, सकाळी साडेदहाला, म्हाताऱ्याचा धाकटा भाऊ वारला. वय एकसष्ट.